टेबलागणिक खोकं: गावातल्या आरोग्य शिबिराच्या सामानाचा हिशेब

मागच्या फेब्रुवारीत पहिलं आरोग्य शिबिर घेतलं तेव्हा आम्ही सगळं सामान चार गोण्यांत भरून नेलं होतं. एका गोणीत औषधं, दुसरीत तपासणीची यंत्रं, तिसरीत कागद-पेनं-चिकटपट्टी, चौथीत खाणं. मला ते अगदी शिस्तीचं वाटलं होतं. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी 18 वर्षं स्टोअर सांभाळते आणि स्टोअरमध्ये माल जातवारीच ठेवतात, बोल्टपाशी बोल्ट, वायसरपाशी वायसर. शिबिरात त्या शिस्तीचे तीन तेरा वाजले. रक्त तपासणाऱ्या सिस्टरना कात्री हवी होती, ती औषधांच्या टेबलावर. बीपी मशीनचे सेल संपले, नवे सेल कागदांच्या गोणीत, गोणी गाडीत आणि गाडी घेऊन ड्रायव्हर चहाला. दिवसभर कुणी ना कुणी उठून पळत होतं, आणि ते परत येईपर्यंत त्या टेबलापुढची रांग उन्हात उभी.

यंदा 18 जानेवारीला, रविवारी, दुसरं शिबिर झालं. डोकं थोडं थंड झालंय तोवर लिहून काढते. मी डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांबद्दल इथे काही मिळणार नाही. कुठल्या टेबलाला काय लागतं, किती लागतं आणि माझा हिशेब कुठे चुकला, एवढंच आहे.

गाव नाशिकच्या पश्चिमेला, घाटाच्या अलीकडच्या आदिवासी पट्ट्यातलं. नाव मुद्दाम देत नाही. नागली, वरई, भात एवढी पिकं, आणि दिवाळीनंतर कमावती माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेली. म्हणून तारीख ठरवण्याआधी आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, संक्रांतीला बरीच माणसं घरी येतात आणि लगेचच्या रविवारपर्यंत थांबतात. पहिल्या खेपेला आम्ही आमच्या सुट्टीवरून तारीख धरली होती आणि गावात म्हातारी माणसं नि पोरंच भेटली होती.

24 नोव्हेंबरला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज दिला. त्याच्या प्रती प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामपंचायतीला. शाळेची खोली हवी होती म्हणून मुख्याध्यापकांना वेगळं पत्र. त्यांनी ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवलं. उत्तर यायला 16 दिवस लागले. मधे एकदा रजा टाकून गेले तेव्हा कळलं की अर्ज अपुरा आहे. डॉक्टरांचे नोंदणी क्रमांक, देणार असलेल्या औषधांची यादी, जैववैद्यकीय कचरा कुठे जाणार त्याचा लेखी उल्लेख आणि शिबिरानंतर अहवाल देण्याची हमी, ही चार कागदं अर्जासोबतच जोडली असती तर माझी एक रजा वाचली असती. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. पुढच्या वेळी "अर्ज मिळालाच नाही" हे ऐकावं लागत नाही.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी एक अट घातली आणि ती मला पटली. बीपी आणि शुगरची कायमची औषधं तुम्ही सुरू करायची नाहीत. तुम्ही महिन्याच्या गोळ्या देऊन जाल, महिना संपला की माणूस गोळी बंद करेल आणि "ती शिबिरातली लाल गोळी द्या" म्हणून आमच्याकडे येईल. त्यांनी सांगितलं, संशयित माणसाला चिठ्ठी द्या, मी इथे पुन्हा तपासून औषध चालू करतो, ते इथे फुकटच आहे. माझ्या औषधांच्या यादीतून त्याच दिवशी सात ओळी कमी झाल्या.

डिसेंबरभर याद्या केल्या. एकाच सामानाच्या तीन याद्या लागतात हे मला पहिल्या खेपेच्या गोंधळातून कळलं होतं. खरेदीची यादी दुकानाप्रमाणे, भरण्याची यादी टेबलाप्रमाणे, आणि परतीची यादी खर्च झालेलं वजा करून. खरेदीच्या यादीत "पेन 20" एवढंच असतं. भरण्याच्या यादीत तीच 20 पेनं पाच खोक्यांत विभागलेली असतात: नोंदणीला 8, मोजमापाला 3, रक्ताला 3, डॉक्टरांना 3, औषधांना 3. प्रत्येक टेबलाचं एक खोकं आणि त्या टेबलाला लागणारी टाचणीसुद्धा त्याच खोक्यात. कात्र्या आम्हाला तीन लागल्या, चिकटपट्ट्या पाच. एरवी एकात भागतं. पण एक वाचवायला गेलं की माणूस उठतो.

नगांचा हिशेब मी माणशी लावला. आशाताईंच्या वहीवरून अंदाज निघाला की 200 माणसं येतील आणि त्यातली 120 तिशीच्या पुढची असतील. आमच्याबरोबर येणार असलेल्या डॉक्टर मॅडमनी ठरवून दिलं की शुगर तिशीच्या पुढच्यांची आणि लक्षणं असतील त्यांचीच पाहायची. म्हणजे शुगर तपासायच्या 120 पट्ट्या, वाया जाणाऱ्यांसाठी दहाला एक म्हणून 12, आणि अडीअडचणीला थोड्या. 50-50 च्या तीन बाटल्या, 150 पट्ट्या. डोळे आणि दात यंदा ठेवले नाहीत. चष्म्याचा नंबर काढून चष्मा द्यायला परत जायची आमच्यात ताकद नव्हती. अर्धवट काम करण्यापेक्षा नकोच म्हटलं.

4 जानेवारीला नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांची ठोक खरेदी केली. आमची फार्मासिस्ट मैत्रीण सोबत होती. तिचे नियम दोनच: पक्कं बिल, आणि मुदत निदान सहा महिने पुढची. त्याआधी ओळखीतून एक भलं मोठं पोतं आलं होतं, लोकांच्या घरात उरलेल्या औषधांचं. दोन संध्याकाळी सहा जणी ते निवडत बसलो. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, नाव आहे तर मुदत नाही, मुदत आहे तर नाव नाही. त्यातलं वापरण्याजोगं एका बुटाच्या खोक्यात मावलं. पुढच्या वेळी कुणी औषधं देऊ केली तर मी नम्रपणे पैसे मागणार आहे.

11 तारखेला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम केली. पाच टेबलं, पाच खोकी, आणि रुग्ण म्हणून सोसायटीचे वॉचमन काका. ज्याने त्याने फक्त आपल्या खोक्यातल्या सामानावर काम चालवायचं. काका नोंदणीपासून औषधापर्यंत पोचेपर्यंत चार गोष्टी निघाल्या: औषधांच्या टेबलाला कात्री आहे पण पाकिटांवर लिहायला मार्कर नाही, दंड मोजायची टेप नाही, रक्ताच्या टेबलाखाली कचऱ्याची पिशवी लटकवायला हुक नाही, आणि डॉक्टरांना हात पुसायला काही नाही. एवढ्याशा तालमीने चार हेलपाटे वाचले.

शिबिराच्या दिवशी पहाटे पाचला निघालो, दोन गाड्यांत 16 जण. पोचलो तेव्हा शाळेच्या पत्र्यावर दव होतं.

नोंदणीचं टेबल बाहेर व्हरांड्यात. त्याच्या खोक्यात 300 केसपेपर होते, 1 ते 300 आकडे आधीच टाकलेले, दोऱ्याने बांधलेली पेनं, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, पॅड लावलेल्या चार पाट्या आणि आकड्यांचे पुठ्ठे. या टेबलावर एकच गोष्ट सांभाळायची: एकाच नावाची माणसं. आमच्याकडे सकाळीच तीन सोमनाथ आले, तिघांचं आडनाव एक. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि पाडा लिहिल्याशिवाय कागद पुढे द्यायचा नाही. वय कुणालाच नेमकं सांगता येत नाही. "थोरला मुलगा केवढा आहे?" असं विचारून अंदाज घ्यायचा. आणि तिशीच्या पुढचा असेल तर कागदावर तिथेच लाल ठिपका. त्या ठिपक्यावर पुढचा पट्ट्यांचा सगळा हिशेब उभा असतो. म्हणून नोंदणीला नवखं पोर बसवू नका.

दुसरं टेबल मोजमापाचं. वजनकाटा, भिंतीवर चिकटवायची उंचीची पट्टी, ताप मोजायचे दोन थर्मामीटर, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दंडघेराची रंगीत पट्टी आणि दोन डिजिटल बीपी मशीन. वजनकाटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर दर वेळी वेगळं वजन दाखवतो, म्हणून खाली घालायला प्लायवूडचा एक चौकोन नेला होता. सेल प्रत्येक मशीनचे चार, आणि तेवढेच जास्तीचे, मशीनच्या डबीलाच रबराने बांधलेले.

या टेबलाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पहिल्या खेपेला आम्ही इथे न कळत चुकीचे आकडे लिहिले होते. बीपी मशीनबरोबर जो कफ येतो त्याच्यावर किती दंडघेराला तो चालतो ते छापलेलं असतं. आमच्यावर 22 ते 32 सेंटीमीटर आहे. दंडाला कफ मोठा झाला तर बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं, लहान पडला तर जास्त. नाशिकमध्ये आपल्याला वाटतं की जाड माणसांचीच अडचण. इथे उलट. राबून वाळलेल्या म्हाताऱ्या बाया, दंड 19-20 सेंटीमीटर. म्हणून यंदा 17 ते 22 चा लहान आणि 32 ते 42 चा मोठा कफ विकत घेतला. एका आजींचं नेहमीच्या कफवर 132 आलं, लहान कफवर 148. बरोबर नेलेली शिंप्याची टेप पन्नास रुपयांचीही नसते, तरी तिने काम केलं. बाही मात्र वर सरकवून मोजू नका. थंडीमुळे सगळे स्वेटरमध्ये होते, आणि वर गोळा झालेली लोकरीची बाही दंडाला आवळते. स्वेटर काढायलाच लावा. बायकांसाठी त्याकरता एक आडोसा लागतो.

आणि खुर्च्या. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसायचं असतं. शाळेत बाकं लहान मुलांची, पाठ नसलेली. एका मोजणीला साधारण दोन-अडीच मिनिटं धरली तर एका मशीनमागे दोन-तीन माणसं आधीच टेकून बसलेली हवीत. दोन मशीनला सहा खुर्च्या ग्रामपंचायतीतून आणल्या. त्या यादीत "सामान" म्हणून नव्हत्याच. आता आहेत.

तिसरं टेबल रक्ताचं, आणि दिवसाचा निम्मा गोंधळ इथलाच. खोक्यात दोन ग्लुकोमीटर, 150 पट्ट्या, एकदाच वापरायच्या 200 लॅन्सेट, स्पिरिटचे बोळे, कोरडा कापूस, हातमोज्यांचे दोन डबे, लॅन्सेट टाकायचा न टोचणारा पांढरा डबा, एका लॅब टेक्निशियन मैत्रिणीकडून उसना आणलेला हिमोग्लोबिनमीटर आणि त्याच्या 60 पट्ट्या. हिमोग्लोबिनची पट्टी महाग, म्हणून ती फक्त गरोदर बायका, किशोरवयीन मुली आणि डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील त्यांनाच. लॅन्सेट सुरक्षित प्रकारचेच घ्या, एकदा टोचलं की सुई आपोआप आत जाऊन अडकते. पेनासारखं टोचणं, ज्यात सुई बदलतात, ते एका माणसाने घरी वापरायचं असतं. शिबिरात ते आणू नये.

सकाळी पावणेआठला सिस्टरनी तपासणीच्या द्रावणाने मीटर पडताळायला घेतलं तर मीटरने आकड्याऐवजी थर्मामीटरचं चित्र दाखवलं. मी म्हटलं, झालं, बिघडलं. सिस्टर हसल्या. बरेचसे मीटर साधारण 10 अंशांखाली काम करत नाहीत, आणि खोकं रात्रभर गाडीच्या मागच्या भागात होतं. दोन्ही मीटर आणि उघडायची बाटली त्यांनी स्वेटरच्या आत धरली, वीस मिनिटांनी चालू झाली. थंडीच्या दिवसांत मीटरची डबी पिशवीत नको, अंगाशी हवी. पट्ट्यांचंही एक: बाटलीवर छापलेली मुदत ही बंद बाटलीची. उघडल्यावरची मुदत वेगळी, बहुधा तीन महिने, आणि झाकण उघडं राहिलं तर हवेतल्या ओलीने त्याहीआधी पट्टी खराब होते. एका वेळी एकच बाटली उघडायची आणि उघडलेली तारीख वर लिहायची.

साडेदहाच्या सुमाराला पन्नाशीतले एक काका बसले. आकडा आला 318. सिस्टरनी तहान लागते का, रात्री किती वेळा उठता, वजन उतरलंय का, सगळं विचारलं. काका म्हणाले, "मला काय झालंय? मी आताच डोंगर उतरून आलो." सिस्टरनी दुसरं बोट स्पिरिटने पुसून पुन्हा घेतलं. 241. दोन मिनिटांत 77 चा फरक. त्यांनी काकांचा हात उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. तर्जनीच्या पेरात एक पांढरा तीळ चिकटलेला.

तिळाच्या वड्या माझ्याच होत्या. संक्रांत नुकतीच झालेली, आईने डबा भरून दिला होता, आणि रांगेतल्या लोकांना तीळगूळ देण्याची कल्पनाही माझीच. गुळाचं बोट स्पिरिटने पुसलं तरी साखर पूर्ण जात नाही, ती पसरते. काकांना शाळेच्या टाकीवर नेऊन साबणाने हात धुववले, पुसून कोरडे केले. 109. सिस्टरनी त्याआधीच्या सगळ्यांचे कागद मागवले. 140 च्या वर आकडा आलेल्या चौघांना परत बोलावलं, हात धुवायला लावले. दोघांचे आकडे खाली आले, दोघांचे जिथल्या तिथे राहिले. ते दोघे खरे होते, आणि त्यांच्या हातात चिठ्ठी गेली. वड्यांचा डबा मी गाडीत नेऊन ठेवला. वडी द्यायचीच तर औषधांच्या टेबलानंतर, घरी जाताना.

तेव्हापासून बादली, मग, साबण आणि कोरडा नॅपकिन हे रक्ताच्या टेबलाचं सामान आहे. स्पिरिट लावल्यावर बोट हवेत सुकू द्यायचं हेही तिथेच शिकले. ओल्या बोटावरचा थेंब स्पिरिटमुळे पातळ होतो आणि आकडा घसरतो.

दुसरी चूक निव्वळ माझ्या धंद्यातली, म्हणून जास्त लागली. हातमोज्यांचे दोन डबे, प्रत्येकी 100, म्हणजे 200 माणसांना पुरतील असं मी धरलं. डब्यावर 100 लिहिलेलं असतं ते नग, जोड्या नव्हेत. माणसागणिक मोजे बदलायचे तर दोन डबे म्हणजे 100 माणसं. कारखान्यात कुणी नग आणि जोडीत गल्लत केली तर मी त्याला चार शब्द ऐकवते. दीड वाजता सिस्टरनी रिकामा डबा उलटा करून दाखवला. डॉक्टरांच्या खोक्यात एक डबा होता, त्यातून 31 जोड्या घेतल्या. एकूण 131 जणांची शुगर पाहिली. पट्ट्या गेल्या 149: माणसांच्या 131, पडताळणीच्या 3, थेंब कमी पडून वाया गेलेल्या 8, तीळगुळापायी 6 आणि एक उलटी घातलेली. 150 मधली एक उरली.

डॉक्टरांच्या टेबलाबद्दल थोडक्यात. टॉर्च, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या, कान पाहायचं यंत्र आणि त्याची धुतलेली टोकं, हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर, दोन प्रतींचं संदर्भचिठ्ठ्यांचं पुस्तक. दोन बाकं जोडून वर सतरंजी आणि चादर. आडोशाला दोन जुन्या साड्या, दोरी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. खिडक्यांना वर्तमानपत्रं लावली, कारण शाळेच्या खिडकीला गावातली सगळी पोरं लटकलेली असतात. आणीबाणीच्या औषधांची पेटी डॉक्टर मॅडमची स्वतःची. तिच्यात काय असावं तो त्यांचा विषय. ती गाडीत न राहता टेबलाखाली आली एवढी खात्री मी केली. त्या खोलगट जागेत मोबाइलला रेंज नव्हती. 108 ला फोन करायचा तर कुठे उभं राहायचं, हे आशाताईंनी दाखवलं, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. ते आम्ही कागदावर लिहून पाचही टेबलांवर चिकटवलं.

पाचवं टेबल औषधांचं. पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, जंताची गोळी, लोह, अॅसिडिटीची, सर्दी-खाजेची, दोन प्रकारची अँटिबायोटिक, मलमं. बहुतेकांचा हिशेब माणशी एक पट्टी असा बसतो आणि तो चुकला तरी फार बिघडत नाही. गोळ्या कापताना पट्टीचं जे टोक उरतं त्यावर नाव आणि मुदत राहील अशा बाजूने कापायचं. उलट बाजूने कापलं की परतीच्या सामानात माझ्याच घरी बिननावाच्या गोळ्या तयार होतात. पाकिटांवर लिहिण्यापेक्षा रबरी शिक्के बरे पडले: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. ज्या वेळी घ्यायची त्या चित्रावर गोळीची खूण. मैत्रीण प्रत्येकाला विचारायची, "आता मला सांगा, कधी घेणार?" बरोबर सांगितलं तरच पाकीट हातात.

हिशेब फसला तो खरजेच्या मलमात. परमेथ्रिनच्या 30 ग्रॅमच्या 30 ट्यूब घेतल्या होत्या, 30 रुग्णांच्या भरवशावर. पहिलाच मुलगा आला, बोटांच्या बेचक्यांत फोड, रात्री झोपू देत नाही म्हणे. डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरात किती जण? आई-बाप, आजी, चार पोरं. खरूज एकट्याची बरी करून चालत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं, सकाळी अंघोळ, कपडे-गोधड्या धुऊन कडक उन्हात, आणि आठवड्याने पुन्हा तेच. मोठ्या माणसाला एक ट्यूब, लहानाला सुमारे अर्धी. म्हणजे त्या एका मुलासाठी मोठ्यांच्या तीन, पोरांच्या दोन, एकूण पाच, आणि दुसऱ्या खेपेच्या पाच धरून दहा. माझ्या 30 ट्यूबमध्ये अशी तीन घरं बसली असती. दिवसभरात सात घरं आली. पहिल्या लेपाला 32 ट्यूब लागत होत्या, दुसऱ्यालाही तेवढ्याच.

मॅडमनी ठरवलं की आहे ते पहिल्या लेपाला वाटायचं, पण अर्धं घर लावून सोडायचं नाही. शेवटच्या घराला त्या दिवशी काहीच दिलं नाही, नुसती यादी केली. आजी रागावून गेल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. गुरुवारी 34 ट्यूब नाशिकहून पाठवल्या. गावातला एक मुलगा कामाला येतो, त्याच्या हाती. आशाताईंनी घरोघर नेऊन दिल्या. आता माझ्या यादीत खरजेपुढे "रुग्ण" हा रकाना खोडून "घरातली माणसं" असं केलं आहे.

कचऱ्याला सहावं खोकं. पिवळ्या पिशवीत रक्ताचे बोळे आणि वापरलेल्या पट्ट्या, लालमध्ये हातमोजे, लॅन्सेट पांढऱ्या डब्यात. डबा पाऊणच भरायचा आणि मग कायमचा बंद करायचा. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत शिबिरंही धरलेली आहेत, गावाबाहेर खड्डा करून जाळून टाकलं असं चालत नाही. मॅडमच्या दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या सामायिक केंद्राशी करार आहे, म्हणून पिशव्या बांधून, वर शिबिराचं नाव आणि तारीख लिहून त्यांच्या गाडीतूनच परत आणल्या. सोमवारी सकाळी उचलल्या गेल्या. अशा कचऱ्याला 48 तासांच्या वर ठेवायचं नसतं, त्यामुळे आपल्याकडची गाडी कोणत्या वारी येते हे आधी विचारा. दुपारी कुणीतरी केळ्याची सालं पिवळ्या पिशवीत टाकली. ती काढायला हात घालायचा नसतो, जाऊ द्यायची. खाण्याच्या कचऱ्याची पिशवी दाराशी वेगळी लटकवली असती तर हे झालं नसतं.

साडेतीनला शेवटचा कागद झाला, क्रमांक 263. अंदाजापेक्षा 63 जास्त. पण लाल ठिपके 120 च्या जागी 131 च. जास्तीची बहुतेक मुलं होती. चिठ्ठी 22 जणांना दिली. चिठ्ठीची दुसरी प्रत आरोग्य केंद्रात आणि यादी आशाताईंकडे. 10 फेब्रुवारीपर्यंत त्यातले 13 जण केंद्रात पोचले होते. नऊ जणांपैकी काही बागांवर परत गेलेत, त्यांचा माग काढणं चालू आहे.

खर्च असा झाला: औषधं, नंतरच्या ट्यूब धरून, 16,400. शुगरच्या पट्ट्या, लॅन्सेट, मोजे, बोळे 4,150. छपाई, कागद आणि शिक्के 1,380. कफ, सेल वगैरे 2,150. बादल्या, पिशव्या, दोऱ्या 1,270. गाड्या 6,500. जेवण गावातल्या बचत गटाने केलं, नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण, त्याचे 2,400. एकूण 34,250 रुपये. 16 जणांनी दोन-दोन हजार काढले होते, उरलेले 2,250 दोघांनी मिळून भरले. अहवाल 23 जानेवारीला दिला, शिक्का घेतला.

एक वही मी यंदा मुद्दाम ठेवली होती. टेबलावरचा माणूस सामानासाठी उठला की कोण, किती वाजता, कशासाठी, एवढं लिहायचं. रात्री घरी मोजलं तर नऊ नोंदी निघाल्या. त्यांत मोजे, बादली, खुर्च्या, केळ्याची सालं, आणि तीन वेळा नुसतं "स्टेपलरच्या पिना". स्टेपलर पाचही खोक्यांत होते, पिनांची डबी एकाच. परवा पाच डब्या आणून प्रत्येक स्टेपलरला चिकटपट्टीने बांधल्या. बादली तिसऱ्या खोक्यात मावत नाही, म्हणून आता खोकंच बादलीत ठेवलंय.